शाळेच्या फी ॲपचं प्रायव्हसी असेसमेंट: सही करण्याआधी काय काय विचारायचं?

वैदर्भी_१२

मुलीच्या शाळेत मी शिक्षक-पालक संघाच्या कार्यकारी समितीवर आहे. येत्या सत्रापासून फी ॲपवरून घ्यायचं ठरलंय. आपल्याकडे विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे थोडा वेळ आहे हातात. मागच्या बैठकीत कंपनीवाल्यांनी ॲप दाखवलं, सगळ्यांना आवडलं. मग मुख्याध्यापिका म्हणाल्या, "प्रायव्हसी असेसमेंट तेवढं करून टाका, समितीची सही लागेल." कंपनीनं दोन पानी कागद पाठवलाय. त्यात २५६-बिट एन्क्रिप्शन, सर्व्हर भारतात, पेमेंट गेटवे प्रमाणित, असं सगळं आहे. खाली सहीची जागा.

मी हिशेबाच्या कामातली बाई. पण कुठल्याही कागदावर 'सर्व काही ठीक आहे' एवढंच असलं की माझा हात थांबतो.

ॲप असं चालतं: मुलाचा शाळेच्या जनरल रजिस्टरमधला जीआर नंबर आणि जन्मतारीख टाकायची. मुलाचं नाव, वर्ग, तुकडी, बाकी हप्ता दिसतो. 'भरा' दाबलं की यूपीआय किंवा कार्ड. पासवर्ड नाही, ओटीपी नाही. कारण विचारलं तर म्हणे गावाकडच्या आजोबांनाही फी भरता आली पाहिजे. शाळेत साधारण १४०० मुलं आहेत. यात मी नेमकं काय तपासू?

जुना_बँकर

ताई, उगाच काळजी करताय. कार्डाचा नंबर शाळेकडे जातच नाही. ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेनं दुकानदारांना कार्ड नंबर साठवायला मनाई केलीय, टोकन चालतं. यूपीआयचा पिन तर फोनच्या बाहेर कुणाला दिसतच नाही. पैशाची बाजू गेटवे सांभाळतो, त्याचं ऑडिट होतं. आणि असेसमेंटचं म्हणाल तर नव्या डेटा कायद्यात ते फक्त सरकारनं ठरवलेल्या मोठ्या कंपन्यांना बंधनकारक आहे, शाळेला नाही. करा सही.

पक्याभाऊ_सक्करदरा

माहे बी फीचे पैसे दोनदा कटले बाप्पा मागच्या वर्षी! ॲपवाले म्हणत शाळेत विचारा, शाळावाले म्हणत बँकेत जा. काहून करून राहिले असं? हा घ्या पावतीचा फोटो, सांगा कोनी कसं परत घ्याचं ते.
*[फोटो संपादकांनी काढला आहे. त्यात मुलाचं पूर्ण नाव, वर्ग आणि मोबाइल नंबर दिसत होता.]*

जुना_बँकर

पक्याभाऊ, खात्यातून गेले पण शाळेला पोचले नाहीत असं असेल तर यूपीआयमध्ये पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. पण दोन्ही वेळा शाळेला पोचले असतील तर परत शाळेनंच द्यायचे, बँक काही करू शकत नाही. दोन्ही व्यवहारांचे यूटीआर म्हणजे बँकेतले व्यवहार क्रमांक घेऊन लेखा विभागात जा. धागा मात्र वेगळ्या विषयाचा आहे.

टेस्टर_त्रिमूर्तीनगर

विषय तसा वेगळा नाहीये. संपादकांना तो फोटो काढावा लागला, यातच या धाग्याचं निम्मं उत्तर आलं.

बँकर काकांचं पैशाबद्दलचं म्हणणं बरोबर आहे. म्हणूनच त्या दोन पानी कागदाचा उपयोग नाही. जो धोका शाळेच्या हातात नाहीच, त्याबद्दल तो बोलतो. फी ॲपमध्ये शाळेच्या हातात काय असतं? कुणाचा हप्ता थकलाय, कुणाला सवलत आहे आणि का आहे, मूल कोणत्या वर्गात बसतं, कुठून बस पकडतं. हे चोरून कुणाला पैसे मिळतील असं नाही. पण शेजाऱ्याला, नातेवाइकाला, वर्गातल्या दुसऱ्या पालकाला हे कळलं तर त्रास त्या मुलाला होतो. ॲप बनवणाऱ्यांच्या डोक्यात लांबचा हॅकर असतो. शाळेच्या बाबतीत बहुतेक वेळा बघणारा माणूस ओळखीचाच असतो, हे धरून चाला.

असेसमेंटचे छापील तक्ते बाजूला ठेवा. एक मूल घ्या, काल्पनिक. सहावी ब, पहिला हप्ता १८,५०० रुपये. या हप्त्याची माहिती शाळेच्या संगणकातून निघाल्यापासून कुठे कुठे जाते ते एका कागदावर काढा. फीची एक्सेल, कंपनीचा सर्व्हर, ॲपचा स्क्रीन, यूपीआयची नोंद, गेटवे, बँकेचं स्टेटमेंट, एसएमएस, पावती, संध्याकाळचा जमा-अहवाल. प्रत्येक ठिकाणी तीनच प्रश्न विचारा: इथे कोणकोणती माहिती पोचते, त्यातली किती इथे खरंच लागते, आणि ती इथे कोण बघू शकतं. उत्तर 'माहीत नाही' असेल तर तसंच लिहा. अशा जागाच कामाच्या असतात.

पहिली भानगड तर तुम्ही पोस्टमध्येच लिहिलीय. जीआर नंबर आणि जन्मतारीख.

कोडवाला_आयटीपार्क

मी असली ॲप बनवतो. ही कंपनी माझी नाही, पण बाजू मांडतो. ओटीपी लावला की शाळांच्या तक्रारी सुरू. नंबर जुना, रेंज नाही, फोन वडिलांकडे आणि वडील दुबईत. पालक काउंटरवर येऊन भांडतात अन् शाळा आम्हाला फोन लावते. जन्मतारीख ज्याला माहीत तो घरचाच माणूस, असं धरतात सगळे. बँकासुद्धा स्टेटमेंटच्या पीडीएफला जन्मतारखेचाच पासवर्ड देतात न.

टेस्टर_त्रिमूर्तीनगर

बँकेची पीडीएफ तुमच्या ईमेलमध्ये येते, ती उघडायला आधी ईमेल हातात लागतो. इथे पान सगळ्या जगाला उघडं आहे, हा फरक आहे.

आता हिशेब करू. जनरल रजिस्टरमध्ये नंबर ओळीनं चढतात, तो त्या रजिस्टरचा धर्मच आहे. माझ्या मुलाचा १०४१७ असेल तर १०४१८ हाही कुणाचा तरी असणारच, बहुधा त्याच वर्षी दाखल झालेल्या मुलाचा. म्हणजे नंबर शोधावा लागतच नाही. राहिली जन्मतारीख. एका वर्गातली मुलं साधारण एका वर्षाच्या आतबाहेर जन्मलेली असतात, म्हणजे ३६५ च्या आसपास शक्यता. सेकंदाला पाच वेळा विचारणारा साधा प्रोग्रॅम सव्वा मिनिटाच्या आत सगळ्या तारखा संपवतो. तेही कशाला, वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाढदिवसाचे केक पडतातच की रोज.

हे तपासायला हॅकर लागत नाही. ताई, लॅपटॉपवर ॲपचं वेब पान उघडा. स्वतःच्या मुलीचा नंबर टाकून मुद्दाम चुकीची तारीख द्या, पुन्हा द्या, दहा-बारा वेळा द्या. पान थांबवतं का बघा. नंतर `F12` दाबा, `Network` वर जा, बरोबर तारीख टाका आणि सर्व्हरकडून आलेलं उत्तर उघडून वाचा. स्क्रीनवर दिसतं त्यापेक्षा त्यात जास्त काही आहे का ते इथे सांगा. दुसऱ्याच्या मुलाचा नंबर मात्र टाकू नका. तसली चाचणी कंपनीला दोन खोटी खाती बनवायला सांगून, लेखी परवानगीनं करायची.

लेखा_कक्ष_हिंगणा

मी दुसऱ्या एका शाळेत फीचं काउंटर सांभाळते. बरीच वर्षं झाली. टेस्टर भाऊ म्हणतात ते सवलतीबद्दल अगदी खरं आहे, पण आमच्या बाजूनं बघा जरा.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक मुलापुढे 'प्रवर्ग' नावाचा रकाना असतो. आरटीईची २५ टक्के मुलं, कर्मचाऱ्यांची मुलं, दुसरं भावंड, वडील वारले म्हणून ट्रस्टनं अर्धी माफ केलेली मुलं. हा रकाना आम्हाला लागतोच, आरटीईच्या प्रतिपूर्तीचा हिशेब त्यावरूनच काढतो. ॲप आलं तेव्हा कंपनीनं म्हटलं, मास्टर एक्सेल द्या. दिली. त्यात हा रकाना गेला, जातीचा गेला, आधारचाही गेला. कुणी म्हटलंच नव्हतं की एवढं नको. एक्सेल मागितली की अख्खी जाते न, कोण बसतं रकाने काढत.

अन् एक गंमत सांगते. नंतर ठरलं की आरटीईची मुलं फी भरत नाहीत तर त्यांना ॲपमध्ये घेऊच नका. झालं असं की वर्गशिक्षिकेच्या स्क्रीनवर 'ॲप नोंदणी नाही' अशी यादी आली. त्या यादीत कोण? तीच मुलं. बाईंनी चांगल्या मनानं वर्गात विचारलं, तुम्ही लोकांनी ॲप का घेतलं नाही? आता सांगा.

टेस्टर_त्रिमूर्तीनगर

हे कुठल्याही चेकलिस्टमध्ये सापडणार नाही. यादीत नसणं हीसुद्धा माहितीच असते.

यावर उपाय असा की सगळी मुलं ॲपमध्ये घ्यायची आणि सवलतीचं गणित शाळेच्या संगणकातच संपवायचं. ॲपला फक्त शेवटची रक्कम द्यायची. कुणाची १८,५००, कुणाची ९,२५०, कुणाची शून्य. का, ते ॲपला कळायचं कारण नाही. शून्यवाल्याला 'बाकी नाही' दिसेल, जसं हप्ता भरून झालेल्यालाही दिसतं. मग बघणाऱ्याला दोघांत फरक करता येत नाही. वर्गशिक्षिकेला तर थकबाकीचा स्क्रीन द्यायचाच कशाला? वसुली ऑफिसचं काम आहे.

पक्याभाऊ_सक्करदरा

होय न भाऊ! आमच्याइकडे बाईनं ग्रुपवरच यादी टाकली होती, 'खालील पालकांनी फी भरावी'. अख्ख्या गल्लीले माहीत झालं. पोरगं दोन दिवस शाळेत जाऊन नाही राहिलं.

वैदर्भी_१२

टेस्टर, तुम्ही सांगितलं तसं केलं. चुकीची तारीख कितीही वेळा टाकली तरी पान थांबवत नाही. आणि `F12` मध्ये जे दिसलं ते बघून मी चाटच पडले. माझ्याच मुलीची माहिती आहे, तरी नावं आणि आकडे बदलून देते:

```
{"gr":"10417","name":"...","std":"6","div":"B",
 "due":18500,"category":"OPEN","concession":null,
 "bus_stop":"मनीषनगर रेल्वे फाटक",
 "father_mob":"...","mother_mob":"...",
 "aadhaar":"..."}
```

स्क्रीनवर यातलं फक्त नाव, वर्ग आणि रक्कम दिसते. बाकीचं उत्तरात येऊन पडलेलं आहे, आधारसकट. कंपनीला फोन केला तर म्हणाले, 'मॅडम, यूझरला ते दिसत नाही न.'

टेस्टर_त्रिमूर्तीनगर

मला दिसलं असतं, तुम्हाला दिसलं, म्हणजे यूझरला दिसतं. स्क्रीनवर लपवणं म्हणजे पत्र पाकिटात घालून पाकीट उघडंच ठेवण्यासारखं आहे. सर्व्हरनं पाठवायलाच नको.

कंपनीकडून दोन दुरुस्त्या लेखी घ्या. पहिली, या उत्तरात फक्त रक्कम, हप्त्याचं नाव आणि अर्धवट झाकलेलं नाव यावं, बाकी काही नाही. दुसरी, आधार, जात, प्रवर्ग हे रकाने त्यांच्या सर्व्हरवरूनच काढून टाकावेत, बॅकअपमधूनही. नुसतं उत्तरातून काढलं तर पुढच्या अपडेटमध्ये कुणीतरी परत जोडेल. माहिती तिथे नसेलच तर फुटायचा प्रश्न येत नाही. फी घ्यायला आधार लागतं कशाला? सप्टेंबर २०१८ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं शाळाप्रवेशालासुद्धा आधार सक्तीचं नाही म्हटलंय, आणि ही तर नुसती फी आहे.

स_नागपूर

मी सहसा लिहीत नाही. पण तो `bus_stop` वाचून राहवलं नाही.

माझा घटस्फोटाचा खटला सुरू आहे. मुलाचा ताबा सध्या माझ्याकडे आहे, राहायचं ठिकाण मुद्दाम कळवलेलं नाही. समोरच्या माणसाला मुलाची जन्मतारीख माहीत आहे, बापच आहे तो. जीआर नंबर जुन्या ओळखपत्रावर आहे. म्हणजे अशा ॲपमध्ये तो दोन मिनिटांत बघू शकतो की मूल रोज सकाळी कुठे उभं असतं. वर्ग-तुकडी कळली तर सुट्टी कधी होते तेही कळतं.

त्याला फी भरायची असेल तर जरूर भरावी, त्याला माझी हरकत नाही. बाकी काही दिसायला नको.

लेखा_कक्ष_हिंगणा

ताई, तुमचं वाचून आमच्या पावत्या डोळ्यांपुढे आल्या. आम्ही पावतीवर बसचं शुल्क वेगळं दाखवतो, ते दाखवावंच लागतं. आयकराच्या वजावटीत फक्त शिकवणी शुल्क धरतात, म्हणून मार्च आला की पालक फोड केलेली पावती मागतात. पण स्टॉपचं नाव तिथे कशाला हवं? 'बस शुल्क' एवढं पुरेसं आहे. स्टॉपची यादी बसवाल्या काकांकडे असतेच. उद्याच काढायला सांगते.

टेस्टर_त्रिमूर्तीनगर

स_नागपूर यांनी लिहिलं ते असेसमेंटच्या कागदावर पहिल्या क्रमांकाचा धोका म्हणून जायला हवं. 'अनधिकृत व्यक्तीकडून माहितीचा वापर' असं गुळगुळीत लिहू नका. लिहा की 'वेगळा राहणारा पालक जन्मतारखेच्या आधारे मुलाचा बस थांबा पाहू शकतो'. असं लिहिलं की बैठकीत कुणी 'चालतंय' म्हणत नाही.

आणि आजोबांचा प्रश्नही यातच सुटतो. माहिती बघणं आणि पैसे भरणं ही दोन कामं वेगळी करायची. बघायला शाळेत नोंदवलेल्या नंबरवर ओटीपी. भरायला, ज्याच्याकडे लॉगिन आहे तो पालक एक लिंक बनवतो आणि आजोबांना पाठवतो. लिंकवर शाळेचं नाव, रक्कम आणि 'अ••• दे•••' एवढंच. दोन-तीन दिवसांत लिंक बंद. कोडवाला, यात तुमच्या तक्रारी कमी होतील की वाढतील?

कोडवाला_आयटीपार्क

लिंकची आयडिया चांगली आहे, गेटवेवाले अशा लिंक बनवून देतातच. पण ओटीपीचं रडगाणं संपत नाही. पालकांचा नंबर बदलला की काय? काउंटरवर फोन येतो, 'मॅडम, माझा नवा नंबर टाका', आणि मॅडम टाकतात. तुमचा सगळा ओटीपी त्या एका फोनवर उडाला. वरून बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी कंपनी दुसऱ्याला देते, त्याला कुणाच्या तरी मुलाचे ओटीपी येत राहतात. सॉफ्टवेअरमध्ये याला इलाज नाही, हे शाळेनं करायचं.

लेखा_कक्ष_हिंगणा

हे खरं आहे. आम्ही फोनवर बदलतो नंबर. गर्दीत कोण विचारतं.

टेस्टर_त्रिमूर्तीनगर

कोडवाल्यांचा मुद्दा मान्य. नंबर बदलायचा असेल तर समोर येऊन, ओळखपत्र बघून, किंवा जुन्या नंबरवर ओटीपी टाकून. आणि बदल झाला की दुसऱ्या पालकाच्या नंबरवर सूचना. पण स_नागपूर यांच्यासारख्या प्रकरणात ती दुसऱ्या पालकाला जाणारी सूचनाच अडचणीची ठरू शकते. तिथे शाळेनं त्या एका खात्यावर खूण करून ठेवायची आणि बदल फक्त मुख्याध्यापिकांच्या सहीनं करायचा. याहून सरळ उत्तर माझ्याकडे नाही.

आता यूपीआयची नोंद. बहुतेक ॲप पेमेंट सुरू करताना अशी ओळ बनवतात:

```
upi://pay?pa=schoolfee@examplebank&am=18500&cu=INR
&tr=GR10417&tn=6B_पूर्ण नाव_हप्ता१
```

`tn` मधला मजकूर भरणाऱ्याच्या ॲपमध्ये, दोन्ही बँकांच्या नोंदीत, पुष्कळदा स्टेटमेंटवर जातो. तिथून पुसता येत नाही. कर्जासाठी कुणी स्टेटमेंट दिलं की मुलाचं नाव-वर्ग त्याच्यासोबत गेलंच. हिशेब जुळवायला लेखा विभागाला एक खूण लागते, ती `tr` मध्ये टाकायची, पण जीआर नंबर नको. `F26-7Q4K9` असं काहीतरी यादृच्छिक, ज्याचा अर्थ फक्त शाळेच्या संगणकाला कळतो. `tn` मध्ये नुसतं `Fee`.

एसएमएसचंही आत्ताच बघा. मजकुराचा साचा दूरसंचार कंपन्यांकडे आधी नोंदवावा लागतो, तो मंजूर झाल्याशिवाय संदेश जात नाहीत. म्हणजे 'आपल्या पाल्याची, अमुक नाव, सहावी ब, फी १८,५०० थकीत आहे' असा साचा एकदा नोंदला की ऐन जूनमध्ये बदलायला जीव जातो. फोन टेबलावर पडलेला असताना लॉक स्क्रीनवर हे सगळ्यांना दिसतं. 'शाळेची फी-सूचना आली आहे, ॲपमध्ये पाहा' एवढं पुरतं.

जुना_बँकर

बरं, हे सगळं पटलं. तरी कायद्याचं मी म्हटलं ते चुकीचं आहे का? शाळेला असेसमेंट बंधनकारक नाही.

काळा_कोट

काका, अर्धं बरोबर आहे. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात कलम १० खालचं असेसमेंट सरकारनं अधिसूचित केलेल्या मोठ्या संस्थांनाच आहे. शाळा त्यात येईल असं वाटत नाही. पण कलम ८ सगळ्यांना आहे. कंपनीशी करार काहीही असो, जबाबदारी शाळेची. पालक कंपनीकडे जाणार नाहीत, शाळेकडेच येतील. वाजवी सुरक्षा ठेवली नाही तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे. एवढा शाळेला कुणी करणार नाही, तो भाग वेगळा. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होतात. ॲप त्यानंतरही चालणारच आहे न? शिवाय माहिती फुटली तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला सहा तासांत कळवायचं, हा २०२२ चा निर्देश आजच लागू आहे. कंपनीच्या करारात 'आम्ही शाळेला लगेच कळवू' असं असेल तर ते खोडून तासांत लिहून घ्या. लगेच म्हणजे किती, यावर कोर्टात दिवस जातात.

कोडवाला_आयटीपार्क

पण शाळांना सूट आहे न मुलांच्या माहितीबाबत? आम्ही तसंच सांगतो सगळीकडे.

काळा_कोट

सूट आहे, पण शैक्षणिक कामकाज आणि मुलांची सुरक्षितता यांपुरती. मुलांवर लक्ष ठेवायला जी बंदी आहे, तिच्यातून तेवढी वाट दिलीय. फी ॲपमधल्या जाहिराती किंवा कोण कोणत्या स्क्रीनवर किती वेळ थांबला याची नोंद त्यात बसवणं कठीण. फीसाठी पालकांची वेगळी पडताळलेली संमती लागते, की पालकांनी स्वतःहून माहिती दिली म्हणून काम भागतं, यावर मात्र वकिलांत दोन मतं आहेत. माझं मत, घ्या संमती, मराठीत घ्या, एका पानात घ्या.

टेस्टर_त्रिमूर्तीनगर

माझं मत उलटं. फी भरल्याशिवाय गत्यंतर नाही, मग 'मी संमत आहे' ला अर्थ काय? काउंटरवर रोखीनं किंवा चेकनं भरायचा पर्याय खुला ठेवला तरच ती संमती.

काळा_कोट

पर्याय हवाच, त्याबद्दल वाद नाही. पण पर्याय दिला म्हणून कागद नको असं होत नाही.

वैदर्भी_१२

काल कंपनी, मुख्याध्यापिका आणि समिती अशी बैठक झाली. स_नागपूर, नाव-गाव न घेता तुमचा मुद्दा पहिला मांडला. मुख्याध्यापिकांनी तिथेच सांगितलं की असं एक प्रकरण आमच्याकडेही आहे. त्यानंतर कंपनीवाल्यांचा सूर बदलला.

ठरलं ते असं. सर्व्हरच्या उत्तरातून आणि साठ्यातून आधार, जात, प्रवर्ग, बस थांबा काढणार. पुसल्याचं पत्र देणार, बॅकअपचं चक्र तीस दिवसांचं आहे म्हणाले, म्हणून पत्रावर त्यानंतरची तारीख असेल. बघायला ओटीपी, भरायला लिंक. पाच वेळा चुकलं की खातं अर्धा तास बंद. नवी एक्सेल आम्ही देणार, त्यात पाचच रकाने: शाळेनं दिलेली यादृच्छिक खूण, नाव, वर्ग, नोंदवलेला मोबाइल, शेवटची रक्कम. वर्गशिक्षिकांचा थकबाकी स्क्रीन बंद. यूपीआय आणि एसएमएसचा मजकूर टेस्टर म्हणाले तसा. दोन खोट्या खात्यांवर चाचणी होईल आणि एका खात्यातून दुसऱ्याची पावती उघडत नाही हे समितीसमोर दाखवलं जाईल. पावतीच्या वेब पत्त्यात शेवटचा आकडा बदलून मीच बघणार आहे.

अडलंय ते ईएमआयपाशी. ॲपमध्ये 'फी हप्त्यांनी भरा' असं बटण आहे, ते एका कर्ज देणाऱ्या कंपनीकडे जातं. बटण दाबायच्या आधीच थकबाकी असलेल्या पालकांची यादी तिकडे जाते का, याचं सरळ उत्तर मिळालं नाही. 'ती वेगळी टीम बघते' म्हणाले.

लेखा_कक्ष_हिंगणा

ते बटण ॲप फुकट मिळण्याचं कारण असतं बरं. कंपनीला तिकडून कमिशन मिळतं. काढा म्हटलं की वर्षाची फी सांगतील. आमच्याकडे तसंच झालं.

काळा_कोट

फी सांगितली तर सांगू दे. थकलेल्या पालकांची यादी सावकाराकडे जाऊ द्यायची की नाही, हे कंपनीची वेगळी टीम ठरवू शकत नाही. माहिती शाळेची आहे. उत्तर लेखी येईपर्यंत बटण बंद ठेवा, बाकी ॲप सुरू करायला हरकत नाही.

जुना_बँकर

इथे मी वेगळा. हप्त्यांची सोय कित्येक पालकांना खरंच लागते, नाहीतर ते गल्लीतल्या व्याजवाल्याकडे जातात. बटण असू द्या. पण पालकानं स्वतः दाबल्याशिवाय एकही नाव पलीकडे जाऊ नये.

टेस्टर_त्रिमूर्तीनगर

ते तपासता येतं. लॉगिन करून बटण न दाबता पान उघडं ठेवा आणि `Network` मध्ये बघा, कर्जवाल्या कंपनीच्या पत्त्यावर काही जातंय का. पान उघडताच जात असेल तर उत्तर मिळालंच. तिथे काही दिसलं नाही तरी सर्व्हरकडून सर्व्हरकडे रात्री यादी जाऊ शकते, ती ब्राउझरमध्ये दिसत नाही. त्यासाठी करारात कलमच लागेल.

लेखा_कक्ष_हिंगणा

वैदर्भीताई, एक राहिलं. संध्याकाळचा जमा-अहवाल. कुणी किती भरले याची एक्सेल रोज ईमेलनं येते. आमच्याकडे ती ट्रस्टच्या दोघांना, माझ्या वैयक्तिक जीमेलवर अन् नोकरी सोडून गेलेल्या एका बाबूलाही जाते. तुमच्याकडे कुणाकुणाला जाणार आहे, विचारलं का?

वैदर्भी_१२

नाही विचारलं. सोमवारी ऑफिसात जाते आणि ईमेलची यादी मागते.